पोटमाळ्यावर पडून राहिलेल्या जोड्यांचं काय करायचं?

"कोल्हापुरात आमचं चप्पल-बुटांचं दुकान आहे. वडिलांनंतर आता मी बघतोय. पोटमाळ्यावर दोन-तीन वर्षांचा माल पडून आहे. सेल लावू, कंपनीला परत करू, की सरळ काढून टाकू? घरचे म्हणतात, खरेदीच्या खाली एक जोडीही द्यायची नाही."

माझंही याच धंद्यातलं दुकान आहे, महाद्वार रोडपासून आत. गेल्या दिवाळीनंतर आम्ही आमचा पोटमाळा रिकामा केला, म्हणून सगळं अजून ताजं आहे.

आधी घरच्यांच्या म्हणण्याबद्दल, कारण तिथंच गाडी अडते. आपण जेन्ट्स माल सुटा घेत नाही, सेटमध्ये घेतो. बारा जोड्यांच्या सेटमध्ये 6 नंबरची एक, 7 च्या तीन, 8 च्या चार, 9 च्या तीन आणि 10 ची एक, असं साधारण येतं. मधले नंबर जातात, दोन्ही टोकं राहतात. पोटमाळ्यावर जे दिसतं त्यातलं बरंचसं हेच कट साईज असतं. डिझाईन वाईट होतं म्हणून राहिलेला माल त्यामानानं थोडा असतो.

आमच्याकडचा एक काळा फॉर्मल बूट सांगतो. तीन सेट घेतले होते, म्हणजे 36 जोड्या, जीएसटी सोडून 540 रुपयांनी. एकूण 19,440 रुपये. त्यातल्या 29 विकल्या, कर वगळून सरासरी 800 ला. हातात आले 23,200. उरल्या सात जोड्या, 6 च्या तीन, 10 च्या तीन आणि 7 ची एक. म्हणजे सगळ्या 36 जोड्यांची खरेदी निघून वर 3,760 रुपये सुटलेत, आणि या सात जोड्या अजून शिल्लकच आहेत. आता 10 नंबरची जोडी 300 ला दिली तर 240 चा तोटा झाला असं घरी वाटतं. पण ती जोडी 7-8-9 मिळावेत म्हणून घ्यावी लागली होती. हिशोब जोडीचा न करता लॉटचा करा. मी वडिलांसमोर वहीत हे लिहून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग एवढी वर्षं कशाला जपून ठेवल्यास रं?" दुसऱ्या दिवशी तेच शिडी लावून वर चढले.

आता मोजणी. प्रत्येक खोक्यावर एमआरपीच्या शेजारी उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तेही लिहा आणि तुमच्या खरेदी बिलाची तारीखही लिहा. या दोन्हींत कधी कधी वर्षभराचं अंतर निघतं, म्हणजे आपल्याकडं आला तेव्हाच माल जुना होता. नंतर सोलच्या वयासाठी हे उपयोगी पडतं. आमच्या 412 जोड्या निघाल्या. त्यातल्या 96 शाळेचे काळे बूट होते, रबरी सोलचे, चांगल्या अवस्थेतले. ते मी यादीतून काढले. ते मेलेले नाहीत, जूनची वाट बघतायत. पावसाळी सँडलचंही तसंच. नोव्हेंबरात ते पडून दिसतात म्हणून घाबरून विकायचे नाहीत. एक अख्खा हंगाम येऊन गेला आणि तरी हलले नाहीत, तरच जुन्यात धरायचे.

राहिलेल्या मालात पहिलं काम परतीचं, कारण फक्त त्यालाच मुदत असते. आमच्या 74 जोड्या एकाच होलसेलरच्या होत्या. सेल्समननं बिलं बघून 40 घेतल्या, बाकीच्यांची मुदत संपली म्हणाला. इथं जीएसटीची एक तारीख लक्षात ठेवा. ज्या आर्थिक वर्षात माल आला, ते संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच पुरवठादाराला क्रेडिट नोट दाखवून आपला कर कमी करता येतो. त्यानं वार्षिक विवरणपत्र आधीच भरलं असेल तर त्याहूनही आधी. म्हणजे फेब्रुवारी 2025 च्या बिलाचा माल परत करायचा तर 30 नोव्हेंबर 2025 च्या आत. त्यानंतर तो परत घ्यायला का-कू करतो त्यात त्याचंही चुकत नाही. तेव्हा परत कसा दाखवायचा हे सीएला विचारून ठरवा. मुदतीत क्रेडिट नोट आली की आपणही तेवढा इनपुट क्रेडिट कमी करायचा असतो, ते विसरू नका.

उरलेल्या 34 जोड्यांसाठी त्यानं मला सांगितलं, "साठ हजारांची नवीन ऑर्डर द्या, या पण उचलतो." मी नाही म्हटलं. 34 जोड्यांची सुटका करायला आणखी दहा-बारा सेट आणायचे, आणि दोन वर्षांनी त्यांची टोकं पुन्हा त्याच माळ्यावर. परतीच्या बदल्यात तुम्हाला खरोखर लागणारे सुटे नंबर मिळत असतील तर घ्या, नाहीतर नको.

मग विकायचा माल. या 34 धरून आमच्याकडं 222 जोड्या होत्या. आम्ही एकच मोठा बदल केला. डिझाईनप्रमाणे न लावता नंबराप्रमाणे लावल्या. एका रॅकवर सगळे 6, दुसऱ्यावर सगळे 10, वर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात नंबर आणि एकच भाव. 10 नंबरच्या माणसाला एरवी प्रत्येक दुकानात "त्यात साईज नाही" ऐकायची सवय असते. त्याला एका जागी वीस जोड्या दिसल्या की तो दोन घेऊन जातो. आमच्या भागातल्या तालमीत मी निरोप धाडला, तर तीन पैलवान आले, त्यांचे पाय रुंद आणि लांब. ते बघून त्यांचे वस्तादही आले. जेन्ट्स 6 नंबर आठवी-नववीच्या पोरांना बसतो, ते मी शाळेचे बूट घ्यायला येणाऱ्या आयांना सांगत गेलो.

भाव कमी करताना दहा टक्क्यांनी सुरुवात करू नका. जुन्या मालावर दहा टक्क्यांनी कुणी थांबत नाही, आणि मग हळूहळू खाली येण्यात चार महिने जातात. आम्ही पहिले तीन आठवडे 30 टक्के, पुढचे तीन आठवडे 50 टक्के, आणि शेवटची तारीख आधीच वहीत लिहून ठेवली. पहिल्या टप्प्यात 118 गेल्या, दुसऱ्यात 61. उरलेल्या 43 आठवडी बाजारात बसणाऱ्या एकाला जोडीला 90 रुपयांनी एकगठ्ठा दिल्या, बिल करून. हा रॅक दुकानाच्या आतल्या बाजूला ठेवा. दारात ठेवला तर नवीन माल बघायला आलेलं गिऱ्हाईकही तिथंच अडकतं आणि पूर्ण भावाची विक्री मरते.

शेवटी काढून टाकायचा माल, आणि यात मी तुम्हाला कळकळीनं सांगतो. पीयू सोलची जुनी जोडी कुणालाही विकू नका, पन्नास रुपयांतसुद्धा. पीयू हवेतल्या ओलाव्यानं आतून फुटत जातं. जोडी खोक्यातून बाहेर काढलेली नसली तरी काही वर्षांत हे होतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पोटमाळ्यावर जास्तच. दिसायला बूट नवा कोरा असतो. मी एकदा असा जोड करवीर तालुक्यातल्या एका आजोबांना 150 ला दिला होता, पुतण्याच्या लग्नासाठी. तिसऱ्या दिवशी ते प्लास्टिकच्या पिशवीत सोल घेऊन आले. मांडवातच तो पायाखाली भुगा झाला होता. पैसे परत दिले, पण त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

ओळखायचं असं. बूट हातात धरून चवड्याच्या जागी पूर्ण दुमडायचा, चार-पाच वेळा. मग सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबायचं. बारीक भेगा उमटल्या, कण गळले, नखाची खूण तशीच राहिली किंवा बोटाला चिकट लागलं, तर तो जोड संपला. एका खोक्यात हे निघालं की त्याच महिन्याच्या उत्पादनाचे बाकीचे जोडही दुमडून बघा. रबरी आणि टीपीआर सोलचं असं होत नाही. तिथं सोल आणि अप्परच्या मधला गोंद सुटलाय का एवढं बघायचं, तो चांभाराकडून शिवून घेता येतो. चामड्यावरची बुरशी तर ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवली की जाते, त्यासाठी जोड टाकायचा नाही. रेक्झिनची साल सुटली असेल तर मात्र इलाज नाही.

शाळेचे बूट सोडून राहिलेल्या आमच्या 316 पैकी 54 जोड्या अशा निघाल्या. त्यात 31 पीयूच्या. बाकीच्यात साल सुटलेल्या, आणि शोकेसमध्ये एक पाय उन्हानं विटलेल्या. खरेदी किंमत 19,200. टाकून दिलेल्या मालावर घेतलेला इनपुट क्रेडिट परत भरावा लागतो, केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(h) प्रमाणे. खरेदी बिलावर 12 टक्के होता, म्हणून 2,304 रुपये. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर 5 टक्के झालाय, पण इथं चालतो तो बिलावर लागलेलाच दर. फुकट वाटलेल्या मालालाही हेच कलम लागतं. उलट खरेदीच्या खाली पण बिल करून विकलेल्या जोडीवर क्रेडिट परत करावा लागत नाही. म्हणून धडधाकट पण न आवडणारा जोड दान करण्याआधी 90 रुपयांना का होईना विकता येतो का बघा. टाकायच्या जोड्यांची यादी करा, फोटो काढा, तारीख घाला, आणि सोल कापून मगच कचऱ्यात द्या. नाहीतर तोच बूट पुन्हा कुणाच्या तरी पायात जातो.

आणि जे 31 मार्चला उरेल, त्याची किंमत खरेदीची लावू नका. खरेदी किंवा प्रत्यक्ष सुटेल ती किंमत, यातली जी कमी ती लावायची असते. 540 चा बूट 300 लाच जाणार असेल आणि तो साठ्यात 540 ला दाखवला, तर न झालेल्या 240 रुपयांच्या नफ्यावर आयकर भरता.

आता आम्ही प्रत्येक खोक्यावर मार्करनं आलेला महिना लिहितो. आणि एखादं डिझाईन चाललं तर पुन्हा पूर्ण सेट न मागवता होलसेलरकडं फक्त 7, 8, 9 मागतो. सगळे देत नाहीत. जे देतात, त्यांच्याकडं आता आमची खरेदी वाढलीय.