'भ' म्हणताना कागद का हलत नाही?

"मी एका इंग्रजीभाषक मुलीला मराठी शिकवते. ती 'पळ' म्हणते ते मला 'फळ' ऐकू येतं. अल्पप्राण-महाप्राण दाखवायला ओठांसमोर कागदाची पट्टी धरली, तर तिच्या 'प'लाही कागद उडतो आणि 'भ'ला माझासुद्धा धड हलत नाही. मेणबत्तीची ज्योत तर सगळ्यालाच थरथरते. माझं काय चुकतंय?"

तिच्या 'प'ला कागद उडतो, कारण तो खरोखरच महाप्राण, म्हणजे हवेच्या झोतासह उच्चारलेला आहे. इंग्रजीत 'पिन' म्हणताना ओठ उघडल्यावर कंठातला नाद सुरू व्हायला साधारण ५० ते ६० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात नुसती हवा बाहेर पडते. आपल्या 'प'मध्ये ओठ उघडले की जवळजवळ लगेच नाद सुरू होतो. तिच्या भाषेत या झोताने अर्थ बदलत नाही, म्हणून तो तिच्या कानाला जाणवतच नाही. तिला 'फ' शिकवायचा नाहीये, 'प'मधली हवा काढायला शिकवायची आहे. ज्याच्या मातृभाषेत महाप्राण नाहीतच, उदाहरणार्थ तमिळभाषक, त्याच्याबाबतीत काम नेमकं उलटं असतं.

हवा न सोडलेला 'प' तिच्याकडे आहे, फक्त तो 'स'च्या मागे लपलेला आहे. तिला 'पिन' आणि 'स्पिन' हे शब्द पट्टीसमोर म्हणायला सांगा. 'पिन'ला कागद उडेल, 'स्पिन'ला जवळपास स्थिर राहील. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की तिला पहिल्यांदा पटेल की हे दोन वेगळे 'प' आहेत. मग 'स्पळ' असा निरर्थक शब्द म्हणून घ्या, पुढे 'स' लांबवून 'स्सस्‌-पळ', मग 'स' मनातल्या मनात आणि फक्त 'पळ' मोठ्याने. कागद पुन्हा उडाला की एक पायरी मागे यायचं.

पट्टी पातळ कागदाची, बोटभर रुंद आणि वीतभर लांब घ्या. वरचं टोक नाकासमोर धरून खालचं ओठांसमोर मोकळं सोडा. अंतर आधी स्वतःच्या तोंडासमोर ठरवा: तुमच्या 'फ'ला कागद उडेल पण 'प'ला उडणार नाही, अशी जागा सापडेपर्यंत पट्टी पुढेमागे करा. रोजच्या आवाजातच बोला; जोर लावला की अल्पप्राणालाही कागद हलतो. ज्योत फारच हळवी असते, नुसत्या श्वासानेही डुलते. मी ती बाजूला ठेवते आणि एकाच तपासणीसाठी काढते, ती म्हणजे आपला स्वतःचा 'फ'. आपल्यातले पुष्कळ जण 'फळ' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकवतात. तसं केलं तर ज्योत एका बाजूला कलून राहते. दोन्ही ओठ मिटून फोडलेल्या 'फ'ला ती एकदाच झटका खाते आणि सरळ होते. शिकवणाऱ्याचाच 'फ' दातांवर गेला असेल, तर 'पळ-फळ' ही जोडी महाप्राण शिकवायला निरुपयोगी ठरते. तेव्हा 'ताप-थाप' किंवा 'काल-खाल' घ्या. त्यांचा झोत ओठांच्या मागून येतो, म्हणून पट्टी आणखी जवळ आणावी लागते.

आता 'भ'. 'फ'मध्ये स्वरतंतू दूर असतात, त्यामुळे हवा मोकळी सुटते. 'भ'मध्ये ते कंपत असतात आणि त्या कंपातूनच थोडी हवा निसटते, म्हणून झोत मंद असतो आणि कागद कधी हलतो, कधी नाही. ऋग्वेदाच्या उच्चारांवरच्या ऋक्प्रातिशाख्य या प्राचीन ग्रंथात घोष, म्हणजे कंठातल्या नादासह उच्चारलेल्या महाप्राणांसाठी श्वास आणि नाद दोन्ही सांगितले आहेत. कागदाला त्यातला फक्त श्वास कळतो. 'घ', 'झ', 'ढ', 'ध' यांचंही तसंच. इथे पट्टी हातात दिली की शिकणारा ती हलवण्यासाठी जोर करतो आणि 'भ'चा 'फ' होऊन बसतो. हे ओळखायला तिला गळ्यावर बोटं ठेवायला सांगा: 'भार' म्हणताना सुरुवातीपासूनच कंप लागला पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे 'ब' आणि 'ह' यांच्यामध्ये स्वर घुसतो आणि 'भार'चं 'बहार' होतं. त्यावर तिच्याच भाषेतला शब्द उपयोगी पडतो. 'क्लब हाऊस' मध्ये न थांबता भरभर म्हणायला सांगा, मग पहिलं 'क्ल' गाळून उरलेलं म्हणायला सांगा. ऐकू येतं ते जवळपास 'भाऊस', शेवटचा 'स' सोडला की 'भाऊ'. 'बिग हाऊस'मधून 'घ' असाच निघतो. तो जमला की 'गर-घर' आणि 'बार-भार' या जोड्या पाठ फिरवून म्हणा, आणि कोणता शब्द होता ते तिला ओळखू द्या.