`h6` ला ‘एच ६’ लिहिलं तर चालेल का?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी पंपाचं डेटाशीट इंग्रजीतून मराठीत करतेय. टॉलरन्सला ‘सहनशीलता’ म्हणू का? आणि मापं, आकडे, खुणा सगळं देवनागरीत आणायचं का?

‘सहनशीलता’ नको, ती माणसाच्या अंगी असते, शाफ्टच्या नाही. मशीनवरचा माणूस ‘टॉलरन्स’च म्हणतो, तेच लिहा. पहिल्यांदा येईल तिथे ‘मापात चालणारा फरक’ एवढा खुलासा केला की पुरे. ‘सूट’ही काही जण म्हणतात, पण छापील कागदावर त्या शब्दाला किमतीतल्या सवलतीचा वास येतो.

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. देवनागरीत मोठं अक्षर-लहान अक्षर हा भेदच नाही, आणि मापांच्या खुणा नेमक्या त्याच भेदावर उभ्या आहेत. आयएसओच्या पद्धतीत मोठं अक्षर भोकासाठी आणि लहान अक्षर शाफ्टसाठी. तुमच्या शीटवर कपलिंगचं भोक `25 H7` आणि शाफ्ट `25 h6` असेल असं धरू. `H7` म्हणजे भोक 25.000 ते 25.021 मिमी. `h6` म्हणजे शाफ्ट 24.987 ते 25.000 मिमी. म्हणजे शाफ्ट भोकापेक्षा कधीच मोठा होत नाही आणि कपलिंग हातानं सरकतं.

आता दोन्हीकडे ‘एच’ लिहिलंत तर शाफ्टच्या ‘एच ६’साठी एखादा तक्त्यात `H6` बघणार. तिथे 25.000 ते 25.013 सापडतं. टर्नर त्या हिशेबानं 25.010 चा शाफ्ट काढतो, मायक्रोमीटर ‘मापात’ सांगतो, क्वालिटीवाला सही करतो. समोरचं भोक 25.003 चं आलं, तर शाफ्ट सात मायक्रॉननं जाड. मग हातोडा निघतो आणि ठोक थेट पंपाच्या बेअरिंगवर जाते. मजा अशी की दोन्ही भाग आपापल्या कागदाप्रमाणे बरोबरच असतात, त्यामुळे चूक भाषांतरात आहे हे कोणाच्या डोक्यात येत नाही. शक्य असेल तर डिझाइनवाल्यांना विचारून खुणेशेजारी दोन्ही टोकांची मापं लिहून घ्या. `h` असलेल्या शाफ्टला अधिकचा आकडा दिसला की समजायचं, काहीतरी घोटाळा आहे.

एककांचंही तेच. पंपाच्या शीटवर दाब `MPa` मध्ये असतो आणि द्रवाची चिकटता बऱ्याचदा `mPa·s` मध्ये. पहिला एम मेगा, दुसरा मिली. दोघांत फरक शंभर कोटीपट, आणि देवनागरीत दोन्ही ‘एमपीए’! म्हणून खुणा, एककं आणि त्यांना चिकटलेले आकडे रोमनच ठेवा. वर्णनाच्या वाक्यात ‘१९ किलोचा पंप’ खुशाल लिहा. पण ‘२५°’ लिहू नका. छपाई थोडी पसरली की तो अंशाचा गोल शून्य होतो आणि ‘२५०’ वाचलं जातं.

एका ठिकाणी मात्र मराठी इंग्रजीपेक्षा सरस आहे. `-10-40 °C` या ओळीत कोणती रेघ उणे आणि कोणती ‘पासून-पर्यंत’ची, हे थांबून बघावं लागतं. आपल्याकडे ‘ते’ आहे : `−10` ते `40 °C`. टॉलरन्सची एकाखाली एक लिहिलेली मर्यादाही सपाट करताना सांभाळा. वर `0` आणि खाली `−0.013` असेल, तर कॉपी-पेस्टमध्ये त्याचं `0-0.013` होतं आणि वाचणारा ‘शून्य ते तेरा मायक्रॉन’ वाचतो. म्हणजे पुन्हा तोच जाड शाफ्ट.

डीटीपीला फाइल दिल्यावर सगळ्यात आधी मायक्रोची खूण तपासा. जुन्या फाइलींत ती बऱ्याचदा सिम्बॉल फॉन्टमधली असते, आणि त्या फॉन्टमध्ये `µ` आतून साधा `m` असतो. सगळ्या मजकुराला मराठी फॉन्ट लावताना सिम्बॉल गेला की `1.6 µm` चं `1.6 mm` होतं. पृष्ठभागाचा खडबडीतपणा दीड मिलिमीटर दिसला, तर ते मशीनिंग नव्हे, ओतकामाचा नमुना आहे! `Ø` आणि `±` सुद्धा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये भलतंच अक्षर होऊन बसतात. म्हणून छापायच्या आधी मूळ पीडीएफशी खूण न् खूण ताडा.

राहिल्या धोक्याच्या खुणा. पिवळा त्रिकोण, तिरक्या रेघेचं लाल वर्तुळ, निळं वर्तुळ यांना हात लावू नका, रंगही बदलू नका. शेजारचे शब्द मात्र चढत्या क्रमाचे आहेत, सगळीकडे ‘सावधान’ ठोकून चालत नाही. डेंजरला ‘धोका’, वॉर्निंगला ‘इशारा’, कॉशनला ‘खबरदारी’ असं एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. पहिल्या दोघांतला फरक क्रियापदात दिसला पाहिजे : ‘धोका’खाली ‘मृत्यू किंवा गंभीर इजा होईल’, ‘इशारा’खाली ‘मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते’. ‘खबरदारी’खाली मृत्यूचं नावच येत नाही, तिथे ‘किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते’ एवढंच.