टॅबवरच्या १६ पिक्सेलमध्ये अख्खा तंबोरा मावत नाही

प्रश्न: आमच्या दुकानाचा लोगो मोठा असताना सुंदर दिसतो, पण वेबसाईटच्या टॅबवर टाकला की नुसता डाग दिसतो. फाईल एसव्हीजी आहे, तरीही. लहान आकारात ओळखू यावा म्हणून काय करावं? चित्र ठेवावं की अक्षर? ऑनलाईन फुकट आयकॉन बनवून देणाऱ्या साईट चालतील का?

उत्तर:

"एसव्हीजी आहे, तरीही" हे वाचलं आणि लिहायला बसलो. एसव्हीजी म्हणजे व्हेक्टर, ठिपक्यांऐवजी रेघांच्या गणितावर काढलेलं चित्र. सांगलीत एका प्रेसमध्ये मी उमेदवारी केली, तिथले मालक दिवसातून एकदा तरी म्हणायचे, "व्हेक्टर आहे रे, पाहिजे तेवढं लहान कर." कोरलड्रॉमधली एकच फाईल, तीच ओढून चौकातल्या फ्लेक्सला आणि तीच दाबून व्हिजिटिंग कार्डाला. छपाईत हे खपतं, कारण कार्डावरसुद्धा एका इंचात मशीन शेकड्यांनी ठिपके मारतं. टॅबवर तुम्हाला १६ आडवे आणि १६ उभे, म्हणजे एकूण २५६ चौकोन मिळतात. बस्स. चित्र मोठं करताना व्हेक्टरचा फायदा होतो. लहान करताना स्क्रीन शेवटी त्याचे चौकोनच करणार. एखाद्या चौकोनाचा पाव भाग रेघेने झाकला असेल तर त्या चौकोनाला पावच रंग मिळतो, उरलेला मागच्या रंगाचा. तुमचा डाग म्हणजे असे अर्धवट रंगलेले चौकोन आहेत.

मिरजेचं एक काम सांगतो, म्हणजे हिशोब लक्षात येईल. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर तिथल्या एका तंतुवाद्यवाल्या घरातला पुतण्या माझ्याकडे आला. वेबसाईट करायची होती आणि फोनवर सूर लावायचं एक छोटं ॲप. लोगो काकांनी आधीच करून घेतला होता, आमच्याच जुन्या प्रेसमधून. गोलात उभा तंबोरा, चार तारा, खुंट्या, भोपळ्यावर नक्षी आणि कडेने गोल फिरवलेलं घराण्याचं नाव. भिंतीवर लावला तर खरंच देखणा. मी तो ५१२ च्या चौकोनात बसवून मापं घेतली. ५१२ चे १६ करायचे म्हणजे प्रत्येक माप ३२ ने भागायचं. तंबोऱ्याची दांडी ४० रुंद होती, ती झाली सव्वा पिक्सेल. तार ३ जाडीची, ती पिक्सेलचा दहावा हिस्सासुद्धा धड नाही. चारही तारा आणि त्यांच्यामधली जागा सगळी मिळून एका पिक्सेलात कोंबलेली. कडेच्या नावाची अक्षरं २२ उंच, म्हणजे पाऊण पिक्सेलाच्याही आत. अख्खं नाव एका करड्या कड्यासारखं दिसत होतं. अख्ख्या लग्नाचा ग्रुप फोटो पासपोर्ट आकारात छापून "यातली नवरी ओळखा" म्हणण्यातला हा प्रकार.

तेव्हा आधी हा भागाकार करा. लोगो ५१२ च्या चौकोनात बसवा, त्यातली सगळ्यात बारीक रेघ मोजा, ३२ ने भागा. उत्तर एकापेक्षा कमी आलं तर ती रेघ टॅबवर नाही असंच समजा. फुकट आयकॉन देणाऱ्या साईट नेमका हाच भागाकार तुमच्या नकळत करतात आणि डाग हातात ठेवतात. फाईलचे प्रकार बनवून घ्यायला त्या ठीक आहेत, चित्र त्या सुधारत नाहीत.

मिरजेच्या कामात मी पहिल्यांदा नाव, तारा, खुंट्या, नक्षी सगळं काढून टाकलं. मग तंबोऱ्याचा आकारच आडवा आला. ही वस्तू उंच आणि अरुंद. चौकोनात पूर्ण उभी केली की दोन्ही बाजू रिकाम्या राहतात आणि दांडी काडीएवढी उरते. म्हणून भोपळा मोठा घेतला, दांडी वरच्या कडेबाहेर जाऊ दिली आणि भोपळ्यावर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची एक आडवी जाड पट्टी ठेवली. इथे एक बारकावा आहे. १६ हा सम आकडा आहे, त्यामुळे मधोमध ठेवायची वस्तू २, ४, ६ अशी सम रुंदीचीच हवी. तीन पिक्सेलची दांडी मध्यावर बसतच नाही. एकतर ती अर्धा पिक्सेल सरकते आणि दोन्ही कडा धुरकट होतात, नाहीतर चित्र एका बाजूला कललेलं दिसतं. दांडी ४ ची केली, भोपळा १२ चा.

काकांनी बघताक्षणी ओळखला. पुतण्याच्या कॉलेजातल्या मित्रांना दाखवला तर म्हणाले, "लाईटचा बल्ब आहे ना?" आणि त्यांचंही चुकत नव्हतं. वरून खाली येणारी मान आणि खाली गोल म्हणजे टांगलेला बल्बच. घोडी रुंद करून पाहिली. ४८ च्या पुढे ती नीट घोडी वाटते, १६ ला मात्र बल्बवरची पट्टी. मग निर्णय असा झाला: फोनच्या स्क्रीनवर, जिथे जागा आहे, तिथे भोपळा आणि घोडी. टॅबवर नुसतं "त". दोन्हींना एकच किरमिजी आणि सायीचा रंग, म्हणजे दोन्ही एकाच घरची वाटतात.

आता अक्षराबद्दल, कारण इंग्रजीतले सल्ले इथे कुचकामी आहेत. आपल्या अक्षराला शिरोरेघेचा हिस्सा आधीच द्यावा लागतो. अक्षर निवडताना मी एक चाचणी करतो. अक्षर कागदावर मोठं काढा, त्यावर पट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे सरकवा आणि वरपासून खालपर्यंत तिची कड किती वेळा शाईला लागते ते मोजा. जिथे सगळ्यात जास्त वेळा लागते तो आकडा धरा. प्रत्येक रेघेला दोन पिक्सेल आणि दोन रेघांमधल्या फटीला दोन पिक्सेल. वर-खाली एकेक पिक्सेल सोडला तर हातात उरतात १४. तीन रेघा आणि दोन फटी म्हणजे १०, आरामात बसतात, वळणालाही जागा राहते. चार रेघा आणि तीन फटी म्हणजे बरोबर १४, पण मग वळणाला काहीच उरत नाही. "ह" इथेच अडकतो: शिरोरेघ, वरचं वळण, मधलं वळण, खालची शेपटी. हळदवाल्यांनो, माफ करा. "क्ष", "श्री" आणि कुठलंही जोडाक्षर सोडूनच द्या. "त", "न", "ग", "म", "प", "र" ही सोयीची. फॉन्टमधलं अक्षर लहान करूनही चालणार नाही, त्याच्या वळणांच्या कडा चौकोनांच्या रेषांवर पडत नाहीत. अक्षर चौकोनावरच काढावं लागतं. माझं "त" असं आहे:

```svg
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg" viewBox="0 0 16 16">
  <rect width="16" height="16" rx="3" fill="#6b1420"/>
  <path fill="#fff3d6" d="M2 2h12v2h-2v10h-2V9H6v3h2v2H4V7h6V4H2z"/>
</svg>
```

वरची शिरोरेघ दोनची, काना दोनचा, डावीकडची वळणं सरळ कोनात मोडलेली. मोठं करून पाहिलंत तर ठोकळा वाटेल. १६ ला मात्र डोळा ते कोपरे स्वतःच गोल करून घेतो. अक्षराची जाडी आणि उभ्या रेघांच्या जागा जाणूनबुजून सम आकड्यांवर आहेत. म्हणजे ३२ आणि ४८ ला कडा स्वच्छ राहतातच, पण २४ ला दीडपट होतानाही दोनाचे नीट तीन होतात. मधली आडवी रेघ तेवढी ७ ते ९ वर आहे, कारण ८ वर घेतली की खालचं पोट दबत होतं. त्यामुळे २४ ला तिच्या कडेला किंचित धूसरपणा येतो. तो मी चालवून घेतला.

काकांना "त" पटला नाही. त्यांनी जुन्या मालकांना फोन लावला आणि मालक म्हणाले, "लोगो आम्ही दिलाय, हा पोरगा तेच चित्र परत काढायचे पैसे घेतोय." हे मला अजून डाचतं. मी काकांना सांगितलं, तुम्ही स्वतः लहान तंबोरी करता ना? मोठ्या तंबोऱ्याचीच घोडी आणि त्याच जाडीच्या तारा तिच्यावर चढवता का? नाही, प्रत्येक मापाचं वेगळं बसवता आणि त्याचे पैसेही वेगळे घेता. काका हसले, पैसे दिले. मालकांना अजून पटलेलं नाही. विश्रामबागेत कुठे भेटले की तेच ऐकवतात.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. आयकॉन तपासताना आठशे टक्के झूम करून बघू नका. खऱ्या टॅबमध्ये टाका, शेजारी आणखी सात-आठ टॅब उघडा आणि नजर दुसरीकडे वळवून परत आणा. तुमचा टॅब शोधावा लागला तर काम झालेलं नाही. ब्राउझर गडद करूनही पाहा. मागचा भाग पारदर्शक ठेवलात आणि अक्षर काळं असेल तर ते तिथे गायब होतं, म्हणून मी चौकोन भरूनच देतो. बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असतं, तिथे १६ चे २० होतात आणि दोनाची रेघ अडीचची. तेव्हा माझा "त"सुद्धा थोडा मऊ दिसतो. फारच खटकलं तर २० चं वेगळं चित्र काढून आयसीओ फाईलमध्ये घालता येतं, एका आयसीओत अनेक मापं मावतात.

ॲपच्या आयकॉनला आणखी एक भानगड आहे. अँड्रॉइड ८ पासून फोन स्वतः आयकॉन कापतो, कुठे गोल, कुठे मऊ कोपऱ्यांचा चौकोन. १०८ च्या कागदावर मधल्या ६६ च्या वर्तुळात जे आहे तेवढंच कुठल्याही फोनवर नक्की दिसेल असं धरा. मिरजेच्या भोपळ्याची घोडी मी त्या वर्तुळात ठेवली, दांडी बाहेर कापली गेली तरी हरकत नव्हती. आयफोनसाठी कोपरे तुम्ही गोल करू नका, तो स्वतः करतो. पारदर्शकही ठेवू नका.

तुमचा लोगो मी पाहिलेला नाही, त्यामुळे चित्र की अक्षर हे इथून ठरवता येणार नाही. चित्र एका रेघेत, एका रंगात आणि बल्ब न वाटता ओळखू येत असेल तर चित्र ठेवा. नाहीतर अक्षर. आणि ज्याला काम द्याल त्याच्याकडून मूळ लोगो, ४८ च्या वरचं चित्र आणि १६ चं चित्र अशा तिन्हींच्या उघडून बदलता येतील अशा फाईल घ्या. १६ चं चित्र म्हणून त्याने लोगोच लहान करून पाठवला असेल, तर बिलातल्या त्या ओळीचे पैसे देऊ नका.