60,000 चा एसी, 12 हप्ते: खरा दर किती?

प्रश्न: सीताबर्डीत 60,000 चा एसी कार्डावर घेतला. बँक 15 टक्क्यांनी 12 हप्ते देते. 15 च पडतील ना?

उत्तर: नाही, जवळपास 20 पडतील. घटत्या शिलकीवर 15 टक्के धरले तर हप्ता साधारण 5,415, वर्षाचं व्याज 4,986. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे अजून 897. तो हप्त्यात दिसत नाही, दर महिन्याच्या बिलात वेगळा येतो. प्रोसेसिंग फी 1 टक्का असेल तर जीएसटीसह 708, तीही पहिल्याच बिलात. एकूण भुर्दंड 6,591. व्याजावरचा जीएसटी आणि सुरुवातीलाच भरावी लागणारी फी यांमुळे, शिवाय मुद्दल दरमहा घटत असल्यामुळे दर एवढा चढतो. मधेच कर्ज फेडायचा विचार असेल तर मुदतपूर्व शुल्क आधी विचारा. फी बहुधा परत मिळत नाही. आणि दुकानदार रोखीवर दोन हजार सोडत असेल, तर तेही या खर्चातच धरा.