गोष्टीची पुस्तकं आत्ता नकोत, बाबा

«आम्ही ऑक्टोबरात येतोय ते तीन महिन्यांसाठी. चिऊसाठी मराठी पुस्तकं घ्यायची आहेत. नौपाड्यातल्या दुकानात परवा दोन तास उभा होतो, काही ठरेना. कोणती घेऊ, किती घेऊ, आणि आधी पार्सल करू का सोबत आणू?»

बाबा,

पार्सल करू नका. बारशाच्या आधी मावशीनं पाठवलेला खोका आठवतोय ना? पुस्तकं, झबली, चांदीचा वाळा, सगळं एकत्र, आणि वर किंमत अंदाजे ठोकून दिलेली. इथे, म्हणजे युरोपियन युनियनमध्ये, बाहेरच्या देशातून घरच्या माणसानं पाठवलेली भेट 45 युरोपर्यंतच करमुक्त असते. किंमत त्यापुढे गेली, म्हणून मला कस्टमच्या कचेरीत, म्हणजे त्सोलआम्टमध्ये, बोलावणं आलं. पावती दाखवा म्हणाले. पावती मावशीकडे. पोटुशी मी, बाकावर दीड तास. प्रवासी म्हणून विमानानं येताना मात्र माणशी 430 युरोपर्यंतच्या वस्तू चालतात, तेव्हा पुस्तकं बॅगेतूनच आणा. आईला एवढंच सांगा की तूप आणि पेढे बॅगेत घालू नकोस. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, सापडले तर काढून घेतात.

एक गोष्ट मात्र आत्ताच, साध्या पाकिटातून पाठवा. चिऊ आज पाच आठवड्यांची आहे. तिला वीत-दीड वीत अंतरावरचं जरा स्पष्ट दिसतं, त्यापलीकडे सगळं धूसर. त्यातही काळं-पांढरं चटकन दिसतं. फिके गुलाबी ससे तिच्या लेखी नाहीतच. इथे दुकानात काळ्या-पांढऱ्या कार्डांचा संच मिळतो, पण मला तुमच्या हातची हवीत. जाड पांढऱ्या कार्डशीटचे तळहाताएवढे सहा चौकोन कापा, कोपरे गोल करा आणि जाड काळ्या मार्करनं एका कार्डावर एकच चित्र काढा. तुम्ही दिवाळीच्या पत्रांवर वारलीची माणसं काढायचात तशी, पण गेरूवर पांढरी नाही, पांढऱ्यावर काळी. दोन त्रिकोण, एक डोकं, बस. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा अख्खा फेर नको, तिला त्याची नुसती गिचमिड दिसेल. टपालाच्या फॉर्मवर «भेट, घरी काढलेली चित्रं» असं इंग्रजीत लिहा.

आता पुस्तकं. तुम्ही याल तेव्हा ती चार महिन्यांची असेल आणि जाल तेव्हा सातची. या वयात पुस्तक हातात आलं की आधी तोंडात जातं. म्हणून पिनांची पातळ पुस्तकं तिच्या हातात द्यायची नाहीत. कागद लाळेनं विरघळतो आणि पिन सुटते. तिच्यासाठी पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची दोन पुरेत. दुकानात पुठ्ठ्याचं पुस्तक अंगठ्यानं कडेला खरवडून बघा. वरचा थर सुटत असेल तर ठेवून द्या, आठवड्यात ते तिच्या टाळ्याला चिकटेल.

बाकीची तीन-चार पुस्तकं तिच्यासाठी नाहीतच, ती आपल्यासाठी आहेत. आपण वाचायची, तिनं ऐकायची. ती पातळ, पिनांची असली तरी चालतील, आपण लांब धरू. पण अक्षर मोठं हवं. रात्री तीनला झिरोच्या दिव्यात वाचायचं असतं, आणि तुमचा चष्मा त्या वेळी कुठे असेल ते देवाला माहीत.

निवड चित्रांवरून करू नका, आवाजावरून करा. घरी आणण्याआधी आईला एक पान मोठ्यानं वाचून दाखवा. परवा फोनवर तुम्ही मला दोन पुस्तकांतून वाचून दाखवलंत ना? पहिल्यात होतं, «सर्व प्राण्यांनी मिळून सभा घेतली व एकजुटीचे महत्त्व जाणले». तुमचा आवाज लगेच शाळेतल्या परिपाठासारखा झाला. दुसऱ्यात बदक पाण्यात पडतं, डुबुक होतं, पंख फडफड करतं, आणि मग काठावर टपटप थेंब गळतात. ते वाचताना तुम्ही स्वतःच हसलात. ते दुसरं घ्या. गोष्ट कळायला तिला अजून दोन वर्षं आहेत, पण ट, ड, ळ, ण तिला आत्ता ऐकू येतायत.

आणि हे माझं वेड नाही. 1984 साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेना, कारण घरात तो फरक कधी कानावर पडलाच नव्हता. चिऊच्या पाळणाघरात जर्मन असेल. जर्मनमध्ये आपला ळ नाही आणि ट-तचा भेदही नाही. तो फरक तिच्या कानात टिकायचा तर घरातूनच टिकेल.

तुम्ही म्हणालात, «मग मी रेकॉर्ड करून पाठवतो, रोज लावत जा». पाठवा, मला ऐकायला आवडेल. पण तिच्यासाठी त्यावर भिस्त नको. 2003 साली पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी ऐकवली. समोर बसून माणसानं खेळवलं, पुस्तकं वाचून दाखवली, तेव्हा बारा बैठकींत बाळांनी चिनीतले आवाज ओळखले. तेच टीव्हीवर किंवा नुसत्या आवाजात ऐकवलं, तर काहीच शिकली नाहीत. म्हणून तुमचे तीन महिने मला पुस्तकांपेक्षा मोलाचे आहेत. आल्यावर रोज आंघोळीनंतर एक पुस्तक, तिला मांडीवर घेऊन, आणि तेच ते. नवं काही नको. ती कंटाळत नाही, कंटाळतो आपण.

तुम्ही गेल्यावर वाचायचं काम अर्धं माझं, अर्धं जावईबापूंचं. तुम्हाला माहीतच आहे, ते बंगळुरूचे, देवनागरी शाळेतल्या हिंदीमुळे वाचतात. त्यामुळे «चिमणी» बरोबर म्हणतात आणि «चाक»चा च सुद्धा चिमणीचाच करतात. «जेवण» ठीक, पण «जाळं» ऐकलं की मला हसू येतं. लिपीत दोन्ही च सारखेच, त्यांना कळणार कसं? म्हणून विमानात बसण्याआधी एक काम करा. निवडलेल्या पुस्तकांत जिथे जिथे च, ज, झ हे दाताजवळून म्हणायचे आहेत, तिथे अक्षराखाली पेन्सिलीनं बारीक ठिपका द्या. चाक, चूल, जाळं, झाड यांना ठिपका. चिमणी, चहा, जेवण यांना नाही. ठिपका दिसला की त्यांनी जीभ पुढे न्यायची, एवढाच नियम. तुम्ही सुधागडातल्या आजोबांसारखं बोलता, ते जरा सोडून ठाण्यात सगळे म्हणतात तसे द्या.

वाचनालयाची पुस्तकं आणू नका. 1893 पासूनच्या त्या ग्रंथसंग्रहालयात तुमची एक तारीख कधी चुकली नाही, आणि ऑक्टोबर ते जानेवारीचा दंड मी भरणार नाही. पण विकत घेण्याआधी तिथून दोन-चार घरी आणून आईपुढे वाचून बघायला काय हरकत आहे?

सगळी मिळून तीन किलोच्या आत बसवा. पुठ्ठ्याची जड असतात, घरच्या काट्यावर टाका. आणि मार्कर नवा घ्या. टेबलाच्या खणातला सुकलाय, गेल्या वर्षी मीच झाकण उघडं ठेवलं होतं.

तुमची,
मनू