अरबीचे दहा फॉर्म : आधी जोड्या बघ

अरबीत तीन अक्षरांच्या एकाच धातूपासून ठराविक साच्यांत वेगवेगळी क्रियापदं बनतात, त्या साच्यांना फॉर्म म्हणतात. दहाच्या दहा फॉर्मचा तक्ता घोकत बसू नकोस, त्याऐवजी एक धातू घे आणि तो फिरवून बघ. ऐन-लाम-मीम या अक्षरांचा घेऊ. पहिला फॉर्म अलिमा, म्हणजे त्याला कळलं. मधलं अक्षर डबल केलं की दुसरा, अल्लमा, त्याने शिकवलं (आपली तालीम याच्यातूनच आलीये). त्याला पुढे त लावला की पाचवा, तअल्लमा, म्हणजे तो शिकला, शिकवण्याचा परिणाम स्वतःवरच. चौथा अअ्‌लमा, कळवलं. दहावा इस्तअ्‌लमा, चौकशी केली, कारण इस्त आलं की बहुतेक वेळा काहीतरी मागणं असतं.

तिसरा-सहावा पण अशीच जोडी आहे, कतला ठार मारलं, कातला समोरच्याशी लढला, आणि तकातला म्हणजे एकमेकांशी लढले. सातव्यात कर्ता गायब होतो, कसरा त्याने फोडलं, इन्कसरा ते फुटलं. नववा फक्त रंग आणि शारीरिक व्यंगासाठी, इह्‌मर्रा लाल झाला, सध्या सोडून दे.

खरा त्रास आठव्याचा. जमआ गोळा केलं, इज्तमआ एकत्र जमले, इथपर्यंत ठीक, पण बऱ्याच धातूंत अर्थ सांगून येत नाही, सरळ पाठच करावा लागतो. आणि कुठलाही धातू दहाही फॉर्ममध्ये चालेल असं धरू नकोस, मनाने बनवलेलं क्रियापद आधी डिक्शनरीत धातूखाली बघ, तिथे त्या फॉर्मचा रोमन आकडा नसेल तर ते सहसा वापरात नसतं.