त्सुंदोकू: इंग्लिश जिथे अडकतं तिथे मराठी अडकत नाही

प्रश्न: पुस्तकं घ्यायची आणि न वाचता ठेवायची, याला जपानीत त्सुंदोकू म्हणतात. इंग्लिशमध्ये याला खरंच जुळणारा शब्द आहे का? बिब्लिओमेनिया चालेल का?

बिब्लिओमेनिया नाही चालणार. डिब्डिन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १८०९ मध्ये या आजारावर अख्खं पुस्तक लिहिलंय, आणि त्यातली लक्षणं बघा, पहिल्या आवृत्तीचा सोस, कडा न कापलेल्या प्रती, चामड्यावर छापलेल्या प्रती. म्हणजे तो संग्राहकाचा नाद झाला, त्याला पुस्तक वाचायचं असतंच असं नाही. त्सुंदोकूवाल्याला वाचायचं असतं हो, नुसतं होत नाही इतकंच! पुस्तक साधं पेपरबॅक असलं तरी चालतं.

आता शब्द कसा बनलाय ते सांगतो, मी पुण्यात जॅपनीजचा क्लास केला तेव्हा हे डोक्यात बसलं. 'त्सुमु' म्हणजे एकावर एक रचणं, आणि 'ओकू' म्हणजे ठेवणं, हे ओकू दुसऱ्या क्रियापदाला लागतं तेव्हा अगदी आपल्या 'ठेवणं' सारखंच वागतं, करून ठेव, आणून ठेव, म्हणजे पुढे लागेल म्हणून आत्ताच काम उरकायचं. तर 'त्सुंदे ओकू' म्हणजे रचून ठेवणं. बोलताना लोक ते घाईत 'त्सुंदोकू' करतात. आणि खरी गंमत इथे आहे, शेवटचं 'दोकू' कुणीतरी वाचनाच्या चित्राक्षराने लिहिलं, कारण त्या अक्षराचा उच्चारही दोकूच. जपानीत वाचनाचे प्रकार असेच सांगतात, ओन्दोकू मोठ्याने वाचणं, मोकुदोकू मनात वाचणं, जुकुदोकू नीट मुरवून वाचणं, रान्दोकू हाताला लागेल ते वाचणं. त्या रांगेत हा त्सुंदोकू गुपचूप जाऊन बसला, जणू रचून ठेवणं हाही वाचनाचाच एक प्रकार! मेइजी काळापासूनचा (१८६८ ते १९१२) हा विनोद आहे, त्यामुळे त्यात शिवीपेक्षा चेष्टाच जास्त.

इंग्लिशमधलं सगळ्यात जवळचं म्हणाल तर वाचणारी मंडळी 'टीबीआर पाइल' म्हणतात ते, टू बी रीड. 'पुढे वाचायचंय' हा अर्थ त्यात बरोबर येतो, पण ते फक्त ढिगाऱ्याचं नाव आहे. त्सुंदोकू ही सवयही आहे, ढीगही आहे, आणि 'सुरू' म्हणजे करणं हे लावलं की क्रियापदही होतं. 'मी हे पुस्तक त्सुंदोकू केलंय' असं जपानी माणूस सहज म्हणतो, टीबीआरचं तसं करून बघा. 'होर्डिंग' मध्ये तर थेट रोगाचा वास येतो, ते सोडाच.

एकाच शब्दात सांगायला मराठीतही काही नाही, पण 'पुस्तकं नुसती रचून ठेवलीयेत' म्हटलं की दोकूचा श्लेष सोडून बाकी सगळं पोचतं, अगदी त्या 'ठेवलीयेत' मधल्या 'वाचीन रे पुढे कधीतरी' सकट.